बेसिनच्या ओट्यासाठी कोणता दगड?

बेसिनच्या ओट्यावर गरम कढई येत नाही की फोडणीचं तेल सांडत नाही. तिथे मेंदी, केसांचा रंग, नेलपेंट रिमूव्हर आणि तापलेला हेअर स्ट्रेटनर यांच्याशी गाठ असते. त्यामुळे स्वयंपाकघरात उत्तम ठरलेला दगड इथेही उत्तम ठरेलच असं नाही.

ग्रॅनाइटला उष्णतेची भीती जवळजवळ नसते. स्ट्रेटनरच्या पट्ट्या साधारण 200 अंश सेल्सियसपर्यंत तापतात; तेवढ्याने या दगडाचं काही बिघडत नाही. त्याची अडचण डागांची आहे. खनिजांच्या कणांमधल्या सूक्ष्म फटींतून रंग आणि तेल आत शिरतं, आणि फिकट ग्रॅनाइटवर ते ठळक दिसतं. खरेदीपूर्वी तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. खालचा भाग गडद झाला, तर दगड पाणी पितो आणि त्याला सीलर लागणार. सीलरमुळे डाग मुरायला वेळ लागतो, एवढंच. सांडलेलं पुसावं लागतंच.

क्वार्ट्झ हा कारखान्यात घडवलेला दगड. वजनाने सुमारे नव्वद टक्के खनिज आणि उरलेली मुख्यतः रेझिन. रेझिन फटी भरून काढते, म्हणून सीलर लागत नाही आणि रंग आत मुरत नाही. पण तीच रेझिन उष्णतेला हार खाते. साधारण 150 अंशांच्या पुढे ती पिवळी पडू शकते आणि तो डाग घासून जात नाही. अशा ओट्यावर स्ट्रेटनर ठेवायला सिलिकॉनची चटई हवीच.

सॉलिड सरफेस, म्हणजे बोलीभाषेतलं ‘कोरियन’, हे अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खनिज भुकटीचं मिश्रण. ड्यूपाँट कंपनीने ते 1960च्या दशकात आणलं. यात बेसिन आणि ओटा सांध्याची रेघ न दिसता एकजीव करता येतो, त्यामुळे काळी बुरशी धरणारी कडच उरत नाही. दमट न्हाणीघरात हा फार मोठा फायदा आहे. डाग किंवा चरा पडला, तर बारीक पॉलिश पेपरने वरचा थर घासून काढता येतो. उष्णता मात्र तिघांत याला सर्वांत कमी सोसते, आणि रिमूव्हर साचून राहिला तर पृष्ठभाग पांढरट होतो.

खर्चाचं गणित ओट्याच्या लहान आकारामुळे बदलतं. चार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद ओट्याला सात चौरस फूट माल लागतो. क्वार्ट्झची आख्खी लादी बहुधा पन्नास चौरस फुटांच्या आसपास असते, आणि ती पूर्णच घ्यावी लागली तर उरलेल्या मालाचे पैसेही ओट्यावरच चढतात. सहसा ग्रॅनाइट सर्वांत स्वस्त आणि ब्रँडेड सॉलिड सरफेस सर्वांत महाग पडतं. पण बेसिनसाठी भोक पाडणं आणि कडेचं मोल्डिंग यांची मजुरी स्वस्त दगडालाही चुकत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा असेल, तर आधी तो मोजून पाहावा. नसेल, तर दुकानदाराकडे कापून उरलेले तुकडे मागावेत. सात चौरस फुटांचा तुकडा तिथे अनेकदा मिळून जातो.