गुत्तेदाराची फाइल

आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. निजामाच्या राजवटीपासूनचा हा शब्द कन्नडला अजून रोज कानावर पडतो. औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की तोच माणूस ठेकेदार होतो. गुत्तेदार या शब्दाला संशयाचा थोडा वास आहे, तो कुणी कितीही नाकारला तरी. म्हणून एका गुत्तेदाराने ‘कंपनीची प्रोफाइल करून द्या’ म्हणत निरोप धाडला, तेव्हा त्याला आधी जुनी प्रोफाइल घेऊन यायला सांगितलं.

गुळगुळीत कागदावरची चोवीस पानं होती. मुखपृष्ठावर समुद्रावरचा तारांचा पूल. ‘हा कुठला?’ म्हटलं, तर हसला. ‘सर, सगळेच लावतात.’

त्याची खरी कामं आतल्या पानांत होती आणि ती वाईट नव्हती: गावरस्ते, नळकांडी मोऱ्या, शाळाखोल्या, दोन सिमेंट नाला बांध, एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पण ‘घाटातील कामे’ अशी मोठी ओळ दिसल्यावर मी थांबलो. ऑगस्ट 2021 च्या शेवटी औट्रम घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, हे या भागात सगळ्यांना आठवतं. त्या पावसाळ्यात त्याची पोकलेन आणि दोन टिपर काही दिवस भाड्याने घाटात होती. तेवढंच.

दरड उपसणं आणि घाटात संरक्षक भिंत बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. भिंत पडते ती बहुतेकदा मागच्या मातीच्या वजनापेक्षा त्या मातीत साठलेल्या पाण्याच्या दाबाने. म्हणून भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवतात आणि भोकांमागे दगड-खडीचा थर भरतात. हा थर टाळून सरळ मुरूम ढकलला, की भोकं एक-दोन पावसात बुजतात आणि बाहेरून काही कळत नाही. जोरात पाऊस झाल्यावर जाऊन बघावं: मागचा डोंगर ओला आणि भोकं कोरडी असतील, तर पाणी भिंतीमागेच अडलंय. हे ज्याने केलं-भोगलं नाही, त्याने ‘घाटकाम’ लिहू नये. आम्ही त्या ओळीच्या जागी ‘यंत्रे भाड्याने पुरवली’ असं लिहिलं. त्याला ते बोचलं. पण बंधाऱ्यापुढे ‘संपूर्ण काम स्वतः’ हे शब्द आले, तेव्हा त्यांना वजन आलं ते या ओळीमुळेच.

मग रकमा. प्रत्येक कामापुढे त्याने कार्यादेशाची रक्कम टाकली होती. मी अंतिम बिलं मागवली. एका नाला बांधाचा आदेश 62 लाखांचा, अंतिम बिल 48 लाखांचं. कारण साधं होतं: पायात अपेक्षेपेक्षा वर कठीण खडक लागला, खोदाई आणि काँक्रीट दोन्ही घटलं. मोजमाप पुस्तकात तसं नोंदलेलं होतं. यात लपवण्यासारखं काहीच नाही, उलट खडक लागल्यावर बिल खाली आणणारा गुत्तेदार मिळाला तर गावाने आनंदच मानावा. तरी त्याचा जीव 62 वर अडकलेला. शेवटी दोन्ही आकडे शेजारी छापले, कारणासह.

खरी कसोटी पुढे होती. निविदा भरताना गुत्तेदाराची क्षमता काढायचं एक सूत्र असतं. गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या वर्षी केलेल्या कामाची रक्कम घ्यायची, तिला नव्या कामाच्या मुदतीने, म्हणजे वर्षांनी गुणायचं, मग निविदेत दिलेल्या गुणकाने, जो बहुधा 2 असतो. आलेल्या रकमेतून त्याच मुदतीत पुरी करायची हातातली कामं वजा. उरेल तेवढ्याच रकमेचं नवं काम तुम्ही पेलू शकता, असं मानतात.

त्याचं चांगलं वर्ष अडीच कोटींचं. समोरचं काम पाच कोटींचं, मुदत 18 महिने, म्हणजे दीड वर्ष. अडीच गुणिले दीड गुणिले दोन, साडेसात कोटी. हातातली कामं त्याने 2 कोटी 20 लाखांची दाखवली. उरले 5 कोटी 30 लाख. म्हणजे पात्र. मी सहज विचारलं, ‘आणि ती शाळा?’ नव्वद लाखांच्या शाळेचा आदेश खिशात होता, पण पाया आखलेला नव्हता, म्हणून यादीत नव्हती. आदेश हातात आला की काम धरायलाच हवं. ते धरलं आणि वजाबाकी 3 कोटी 10 लाखांवर गेली. उरले 4 कोटी 40 लाख.

तो बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत होता. ती निविदा त्याने भरली नाही. माझ्या मते त्या फाइलमधलं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि त्याचा दाखला मात्र कुठलंच कार्यालय देत नाही.

सुरक्षेच्या पानावर एक फोटो होता: बारा मजूर, बारा पिवळी हेल्मेट, एकाही हेल्मेटवर सिमेंटचा डाग नाही. तो काढला. याबाबत माझा स्वभाव थोडा कडवट आहे, त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका साइटवर पाइपलाइनचा चर सात फूट खाली गेला होता. काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, ओल लागली की फुगते. उभा कापलेला काठ सकाळभर भिंतीसारखा ताठ राहिला आणि दुपारी एकदम फळीसारखा सुटला. उपसलेल्या मातीचा ढीग काठावरच होता, तोही आत आला. खाली असलेला माणूस छातीपर्यंत गाडला गेला. वाचला, पण आम्ही त्याला हातांनी आणि घमेल्यांनी उकरून काढला, कारण मशीन लावलं असतं तर तोच कापला गेला असता. एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. पुरलेल्या माणसाला ओढून काढता येत नाही.

नियम तसा जुनाच आहे: दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फुटांपेक्षा खोल चराला फळ्या-ठोकळ्यांचा आधार द्यायचा किंवा बाजू उतरत्या कापायच्या, आणि उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकायची. तो का पाळला जात नाही, हेही उघड आहे. अंदाजपत्रकात आधाराला पैसे धरलेले नसतात आणि लांब माती टाकायची तर पोकलेनचे तास वाढतात. या गुत्तेदाराकडे मात्र एका पाणीपुरवठ्याच्या कामाचा मोबाइलवरचा फोटो निघाला: चरात उभी मोजपट्टी, दोन्ही बाजूंना सागवानी नव्हेत, पण घट्ट ठोकलेल्या बाभळीच्या बल्ल्या, माती लांब. फोटो हललेला होता. तोच छापला. खाली दोन ओळी जोडल्या: 2019 मध्ये एका साइटवर परांचीची फळी सरकून मजुराचा पाय मोडला, तेव्हापासून फळ्या तारेने बांधतो.

‘हे कशाला सर? लोक घाबरतील.’

मी म्हटलं, लिहू दे. घाबरणारे दुसऱ्याकडे जातील.

नवी प्रोफाइल नऊ पानांची झाली. शेवटचं पान सुटं ठेवलंय, कारण त्यावर हातातल्या कामांची यादी असते आणि ती बदलत राहते. तालुक्यात कुणी घर बांधायला काढलं असेल, तर गुत्तेदाराकडे रंगीत पुस्तिका मागू नका. हे एक पान मागा, एखाद्या संपलेल्या कामाचं अंतिम बिल मागा, आणि ते काम दोन पावसाळ्यांनंतर कसं दिसतंय हे स्वतः जाऊन बघा.