नेपच्यून खरंच इतका गडद निळा आहे का? फोटोंमुळे झालेला गैरसमज आणि 'बर्फाळ' ग्रहांची गोष्ट

शाळेच्या पुस्तकातली सूर्यमालेची चित्रं आठवा. युरेनस फिकट हिरवट-निळा आणि त्याच्या शेजारी नेपच्यून एकदम गडद, शाईसारखा निळा. इंटरनेटवरही नेपच्यूनचे असेच फोटो सगळीकडे फिरतात. प्रत्यक्षात हे दोन्ही ग्रह रंगाने जवळपास सारखे आहेत. मग तो गडद निळा रंग आला कुठून?

त्याआधी हे ग्रह नेमके आहेत तरी कसे, ते पाहू.

गुरू आणि शनी हे वायूंचे महाकाय ग्रह. त्यांचा बहुतांश भाग हायड्रोजन आणि हेलियमचा आहे. पूर्वी युरेनस आणि नेपच्यूनलाही त्यांच्याच रांगेत बसवलं जायचं. पण या दोघांत हायड्रोजन-हेलियमचा वाटा वस्तुमानाच्या साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असावा, असा अंदाज आहे. उरलेलं बरंचसं पाणी, अमोनिया आणि मिथेन. म्हणून त्यांना 'आइस जायंट' म्हणजे बर्फाळ महाग्रह म्हणतात.

नावावर जाऊ नका, आत बर्फाचे डोंगर वगैरे नाहीत. खगोलशास्त्रज्ञ पाणी, अमोनिया, मिथेन यांना सरसकट 'बर्फ' म्हणतात, कारण सूर्यापासून लांबच्या थंडीत ते गोठलेल्या रूपात होते आणि त्यातूनच हे ग्रह घडले. आता ग्रहांच्या पोटात तापमान हजारो अंशांवर आहे आणि दाब प्रचंड. तिथे हे सगळं दाट, गरम द्रव होऊन बसलंय. नाव जरा फसवंच आहे म्हणायचं.

वायू कमी का मिळाला? याचं सर्वाधिक मान्य असलेलं उत्तर असं: तरुण सूर्याभोवती वायूची जी तबकडी होती, ती काही दशलक्ष वर्षांतच विरून गेली. गुरूचा गाभा लवकर मोठा झाला आणि त्याने भराभर वायू खेचला. लांबवर मात्र ग्रह घडण्याचा वेग मंद होता. युरेनस आणि नेपच्यून पुरेसे मोठे होईपर्यंत वायू संपत आला होता. म्हणूनच गुरू पृथ्वीच्या 318 पट जड, तर युरेनस साडेचौदा आणि नेपच्यून 17 पट.

आता रंगाकडे येऊ. दोघांच्या वातावरणात थोडा मिथेन आहे. सूर्यप्रकाशातला लाल भाग मिथेन शोषून घेतो. निळा-हिरवा भाग मात्र विखुरला जाऊन परत बाहेर येतो आणि तोच आपल्याला दिसतो. मिथेन गुरूवरही आहे, मग गुरू निळा का नाही? तिथे तो कमी आहे, शिवाय अमोनियाचे ढग वरच असल्यामुळे बराचसा प्रकाश खोल शिरण्याआधीच परत फिरतो. युरेनस आणि नेपच्यून इतके थंड आहेत की अमोनियाचे ढग खूप खाली तयार होतात. त्यामुळे प्रकाशाला मिथेनमधून लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेत लाल रंग गळून पडतो.

पण मग गडद नेपच्यूनचं काय? व्हॉयेजर 2 यान 1986 मध्ये युरेनसजवळून आणि 1989 मध्ये नेपच्यूनजवळून गेलं. आजवर या ग्रहांपाशी गेलेलं हे एकमेव यान. त्याने वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो घेतले आणि पृथ्वीवर ते जोडून रंगीत चित्र तयार झालं. नेपच्यूनवरचे ढग आणि पट्टे नीट दिसावेत म्हणून त्या चित्रांचा कॉन्ट्रास्ट वाढवला गेला. सोप्या भाषेत, फोटोला फिल्टर मारला. शास्त्रज्ञांना हे माहीत होतं आणि सुरुवातीला फोटोंखाली तशी ओळही असायची. पुढे फोटो फिरत राहिले, ओळ गळाली.

2024 मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक आयर्विन यांच्या गटाने हबल आणि चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपची निरीक्षणं वापरून खरे रंग मांडले. या दुर्बिणींच्या उपकरणांत फोटोच्या प्रत्येक बिंदूतल्या प्रकाशाचा पूर्ण वर्णपट मिळतो, त्यामुळे अंदाजाने रंग भरावे लागत नाहीत. निकाल असा की दोन्ही ग्रह फिकट हिरवट-निळे आहेत आणि नेपच्यून किंचित जास्त निळा.

तो किंचित फरकही धुक्याचा आहे. दोन्ही ग्रहांवर सूक्ष्म कणांच्या धुक्याचा थर आहे. त्या कणांवर मिथेन गोठतो आणि मिथेनचा हिम होऊन खाली पडतो, सोबत धुकंही साफ होतं. नेपच्यूनचं वातावरण जास्त खवळलेलं असल्याने तिथे ही सफाई जोरात चालते. युरेनसवर धुकं दाट साचतं, म्हणून तो जास्त फिका.

आणि युरेनसचा रंग कायम एकसारखाही नसतो. तो जवळजवळ आडवा पडून फिरतो, त्यामुळे 84 वर्षांच्या एका फेरीत कधी ध्रुव सूर्यासमोर येतो, कधी विषुववृत्त. ध्रुवांकडे मिथेन कमी आणि उजळ धुकं जास्त असतं. त्यामुळे ध्रुव समोर असताना तो थोडा हिरवट दिसतो आणि विषुववृत्त समोर असताना थोडा निळा. सध्या त्याचा उत्तर ध्रुव सूर्याकडे वळतोय आणि 2030 मध्ये तिथे भर उन्हाळा असेल.