टीबी बरा झाला, तरी थुंकीत रक्त? फुफ्फुसाच्या जुन्या खड्ड्यात बुरशी असू शकते

टीबीचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, डॉक्टरांनी बरा झालास म्हणून सांगितलं. मग चार-पाच वर्षांनी पुन्हा खोकला सुरू होतो, वजन उतरतं आणि एके दिवशी बेडक्यात रक्त दिसतं. घरचे एकच अर्थ काढतात, टीबी उलटला. कधी तो खरंच उलटलेला असतो, म्हणून थुंकीची सीबीनॅट तपासणी आधी करायलाच हवी. पण ती दोन-दोनदा निगेटिव्ह येऊनही खोकला आणि रक्त थांबत नसेल, तर दुसरा एक आजार डोक्यात ठेवावा लागतो. फुफ्फुसाच्या जुन्या जखमेत बसलेली बुरशी.

टीबी फुफ्फुसाचा काही भाग खाऊन टाकतो. जंतू मेले तरी तिथे पोकळी उरते. डॉक्टर तिला कॅव्हिटी म्हणतात. अस्परजिलस नावाची बुरशी आपल्याकडे सगळीकडे आहे. भिजलेला कडबा, उकिरडा, साठवणीतला काळा पडलेला कांदा, कोंदट भिंत, सगळीकडे तिची धूळ उडते आणि ती रोज प्रत्येकाच्या श्वासात जाते. धडधाकट फुफ्फुस ती झटकून टाकतं. पोकळीत मात्र ती टिकते, हळूहळू वाढते, काही जणांत तिचा गोळा तयार होतो. पोकळीच्या भिंतीला सूज येते, तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि खोकल्याच्या धक्क्याने फुटतात. रक्त तिथून येतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायचं कारण नाही.

निदान तीन गोष्टी जुळल्यावर होतं. तक्रार तीन महिने किंवा जास्त चाललेली असावी, सीटी स्कॅनमध्ये पोकळी आणि तिच्या भिंतीतले बदल दिसावेत, आणि रक्तातली अस्परजिलस आयजीजी तपासणी वाढलेली असावी. ही रक्त तपासणी ग्रामीण रुग्णालयात सहसा होत नाही, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या लॅबमध्ये करावी लागते.

नायट्याचंच औषध, पण वर्षभर

मुख्य औषध इट्राकोनाझोल. गावात हे नाव बहुतेकांना ठाऊक असतं ते नायट्यामुळे. नायट्याला काही आठवडे घेतात, म्हणून फुफ्फुसालाही तेवढंच पुरेल असं वाटतं. इथे चूक होते. साध्या कॅप्सूलचा नेहमीचा डोस २०० मिलीग्राम सकाळी आणि २०० मिलीग्राम संध्याकाळी असतो आणि तो महिनोन् महिने चालतो. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी सहा महिने आणि बारा महिने अशा दोन गटांची तुलना केली. ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांचा आजार परत आला, वर्षभर घेतलेल्यांपैकी १० टक्के लोकांचा.

औषध पोटात नीट जिरलं तरच उपयोग. साधी कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणाबरोबर घ्यायची. जिरायला तिला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की औषध वाया जातं. बाजारात याच औषधाचे नवे प्रकार आहेत, ज्यांचा आकडा कमी असतो, कारण ते जास्त जिरतात. मेडिकलवाल्याने ‘एकच आहे’ म्हणून बदलून दिलं, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

दुसरी अडचण रिफाम्पिसिनची. टीबीची ही गोळी शरीरातलं इट्राकोनाझोल जवळजवळ संपवून टाकते. टीबी सिद्ध न होता ‘घेऊन बघू’ म्हणून पुन्हा टीबीचं औषध सुरू केलं, तर बुरशीचं औषध चालू असून नसल्यासारखं होतं. दमा समजून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्याही बुरशीला बळ देतात. कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करणं, हृदयाचे ठोके, यातलं कोणतंही औषध चालू असेल तर पुडकी डॉक्टरांसमोर ठेवावीत. यातल्या बऱ्याच औषधांचं इट्राकोनाझोलशी जुळत नाही.

एक रुग्ण, एक वर्ष

समजा बावन्न वर्षांचा ऊसतोड मजूर आहे. सात वर्षांपूर्वी टीबी झाला, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी राहिली. आता वजन ४३ किलो, रोज सकाळी बेडक्यात रक्ताच्या रेषा. सीबीनॅट निगेटिव्ह, आयजीजी खूप वाढलेली, सीटीमध्ये पोकळीत गोळा. इट्राकोनाझोल सुरू झालं. दोन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी पाहिली तर ती ०.३ मिलीग्राम प्रतिलिटर. साधारण ०.५ ते १ च्या वर हवी. चौकशीत कळलं की पहाटे फडावर जाण्याआधी उपाशीपोटी कॅप्सूल आणि तिच्याबरोबरच ॲसिडिटीची गोळी. डोस न वाढवता ॲसिडिटीची गोळी बंद केली आणि कॅप्सूल भाकरीबरोबर ठेवली, तशी पातळी वर आली.

दुसऱ्या महिन्यानंतर रक्त दिसायचं थांबलं. तिसऱ्या महिन्यात वजन ४५ किलो. सहाव्या महिन्याच्या सीटीत पोकळीची भिंत पातळ झाली, पण पोकळी तशीच आणि गोळाही आत. घरच्यांना वाटलं, औषध लागूच पडलं नाही. तसं नाही. टीबीने केलेला खड्डा औषधाने बुजत नाही. फरक पाहायचा तो खोकला, रक्त, वजन आणि भिंतीची जाडी यांत. आयजीजीचा आकडा फार सावकाश उतरतो, त्यामुळे नुसत्या त्यावरून यश-अपयश ठरवता येत नाही. औषध नीट घेऊन, पातळी पुरेशी असूनही सहा महिन्यांत रक्त आणि वजन सुधारलं नाही, किंवा पोकळी वाढली, तर मात्र औषध बदलण्याचा विचार होतो. गोळा एकाच जागी आणि बाकी फुफ्फुस चांगलं असेल, तर ऑपरेशनही होऊ शकतं.

मधल्या काळात लिव्हरची रक्त तपासणी सुरुवातीला महिन्याभरात आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी करतात. डोळे पिवळे होणं, पायावर सूज, चढावर दम लागणं, तळपायाला मुंग्या येणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. या औषधाचा हृदयावर ताण येऊ शकतो. आधीच हृदय कमजोर असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात.

रक्त जास्त आलं तर

औषध सुरू झालं म्हणून रक्त लगेच थांबत नाही, ही गोष्ट घरच्यांना माहीत असावी. रेषा किंवा चमचाभर रक्त असेल तर डॉक्टरांना दाखवावं. रक्त थांबवणारी ट्रॅनेक्झामिक ॲसिडची गोळी ते देऊ शकतात. चहाचा अर्धा कप किंवा त्याहून जास्त आलं, किंवा श्वास अडकू लागला, तर लगेच १०८ ला फोन करून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं. पाठीवर सरळ झोपवू नये. पोकळी ज्या बाजूला आहे त्या कुशीवर झोपवावं, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात जात नाही. त्यासाठी ती बाजू सीटीच्या रिपोर्टवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेली बरी, रात्री दोन वाजता शोधत बसायला वेळ नसतो. मोठ्या रुग्णालयात बारीक नळी घालून रक्तस्राव करणारी वाहिनी आतून बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्याने रक्त थांबतं, बुरशी मात्र तिथेच राहते, म्हणून कॅप्सूल चालूच ठेवायची.

या मजुराचं औषध वर्षाने थांबलं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी वजन आणि एक्स-रे पाहायचा, कडबा कुट्टी करताना आणि कांद्याच्या चाळीत तोंडाला फडकं बांधायचं, असं ठरलं. परत रक्त दिसलं तर थुंकी आणि आयजीजी दोन्ही तपासण्या पुन्हा होतील, कारण त्या पोकळीत टीबीही परत येऊ शकतो आणि बुरशीही.