पाचव्या महिन्यात किती वजन उचलावं?

गरोदरपणाच्या १४ ते २७ आठवड्यांत बहुतेकींची मळमळ ओसरते आणि अंगात पुन्हा बळ येतं. वजनं उचलायची सवय असलेली बाई याच काळात जिमकडे वळते आणि विचारते, किती किलो उचलू? माझं म्हणणं असं, की किलोच्या आधी श्वास बघा.

समजा, दिवस राहण्याआधी ती खांद्यावर ४० किलोचा बारबेल घेऊन आठ स्क्वॉट मारायची आणि शेवटचे दोन श्वास कोंडूनच निघायचे. विसाव्या आठवड्यात हे नको. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो आणि पोटातला दाब ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर येतो. त्याऐवजी तिने १० किलोचा डंबेल छातीशी धरावा, मागे बाक ठेवावा आणि त्यावर टेकून उठावं. उठताना श्वास सोडावा. बारा वेळा झाल्यावर आणखी तीन-चार सहज जमले असते असं वाटलं आणि सोबतिणीशी सलग बोलता आलं, तर वजन बरोबर आहे. वाक्य मध्येच तुटू लागलं, तर ते जड झालं. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये, कारण या काळात नाडी बसल्या जागीही नेहमीपेक्षा जलद असते.

आता व्यायाम कोणते बदलायचे ते पाहू. साधारण विसाव्या आठवड्यापासून उताणं झोपल्यावर जड झालेलं गर्भाशय हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. गरगरलं, घाम फुटला, मळमळलं, तर लगेच कुशीवर वळावं. म्हणून सपाट बाकावरचा बेंच प्रेस सोडून बाकाची पाठ उभी करावी आणि बसून डंबेल ढकलावेत. सिट-अप्सही थांबवावेत. कोणताही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा वर येत असेल, तर पुढचे स्नायू फाकताहेत आणि हा ताण त्यांना पेलत नाही. जमिनीवरच्या प्लँकमध्ये असं दिसलं, तर भिंतीला हात टेकून प्लँक करावा. पोट पुढे आल्याने तोलही बदलतो, तेव्हा एका पायावरचे व्यायाम आधार धरूनच करावेत.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढं पुरतं. उरलेल्या दिवशी चालावं.

हे सगळं निरोगी गरोदरपणासाठी आहे. वार खाली असेल, गर्भाशयाचं तोंड सैल असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय वजनाला हात लावू नका. व्यायाम करताना रक्तस्राव झाला, पाणी गेलं, ठरावीक अंतराने पोटात कळा आल्या, छातीत दुखलं किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथेच थांबा आणि तडक दवाखाना गाठा.