ग्राहक सेवा विभागाची प्रशिक्षण-गरज तपासणी

प्रशिक्षणाची गरज तीन पातळ्यांवर शोधावी, अशी मांडणी मॅकगेही आणि थेअर यांनी १९६१ मध्ये केली: संस्था, काम आणि व्यक्ती. ग्राहक सेवा विभागाचा अहवाल आजही याच क्रमाने तयार करता येतो.

समजा, इंटरनेट सेवा देणाऱ्या एका कंपनीत बिलाच्या तक्रारींसाठी ग्राहकांना पुन्हा पुन्हा फोन करावा लागतो. ही झाली संस्थेची अडचण. पुढची पायरी म्हणजे ध्वनिमुद्रित कॉल ऐकणे. त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचे चांगले-वाईट दोन्ही कॉल निवडून एकाच निकषपत्रिकेवर गुण देतात. मग कामाला लागणारी पातळी आणि प्रत्यक्ष पातळी तक्त्यात शेजारी मांडली की तफावत दिसते.

इथे नीट पारख लागते. नव्या कर्मचाऱ्यांना महिन्याच्या मध्ये प्लॅन बदलल्यावर बिल कसे आकारतात हे सांगता येत नसेल, तर ती ज्ञानाची उणीव आहे. त्यांना खऱ्या बिलांवर सराव देणारा छोटा वर्ग सुचवावा. चिडलेल्या ग्राहकापुढे अडखळणाऱ्यांना भूमिका-अभिनयाचा सराव आणि वरिष्ठांचा अभिप्राय उपयोगी पडतो. पण अनुभवी कर्मचाऱ्यांना सर्व माहीत असूनही परतावा मंजूर करण्याचा अधिकारच नसेल, तर कोणताही अभ्यासक्रम व्यर्थ आहे. तिथे नियम बदलण्याची शिफारस करावी लागते.

प्रशिक्षणानंतर काही आठवड्यांनी त्याच निकषपत्रिकेवर नवे कॉल तपासावेत. गुण वाढूनही पुन्हा येणारे फोन कमी झाले नाहीत, तर मूळ कारण दुसरीकडे शोधावे.