तारापूर की तारापुर?

बोईसरला माझ्या शेजारच्या खोलीत मुंगेर जिल्ह्यातला एक कामगार राहतो. एका संध्याकाळी औद्योगिक वसाहतीकडे धूर दिसला, म्हणून आम्ही दोघांनी आपापल्या फोनवर यूट्यूब उघडून गावाचं नाव टाकलं. मला बोईसरच्या बातम्या आल्या. त्याला बिहारमधलं तारापुर आलं, 1932 सालच्या गोळीबाराच्या आठवणींसकट. धूर मात्र दोघांच्याही खिडकीतून सारखाच दिसत होता!

दोष ऱ्हस्व उकाराचा. त्याच्या फोनची भाषा हिंदी, त्यामुळे कळफलक ‘तारापुर’ सुचवतो; माझा मराठी फोन ‘तारापूर’. शुद्धलेखनाच्या ज्या नियमावर आपण शाळेत छड्या खाल्ल्या, तो इथे दोन गावं वेगळी करतो.

पुढे मी खातं न उघडता, खाजगी खिडकीत हा पत्ता निरनिराळ्या रीतीने टाकून पाहिला:

```
https://www.youtube.com/results?search_query=तारापूर&hl=mr&gl=IN
```

यात `hl` म्हणजे भाषा, `gl` म्हणजे देश. `mr`च्या जागी `hi` टाकलं की बटणांवरची अक्षरं हिंदी होतात. ज्या चित्रफितीच्या मालकाने शीर्षकाचा अनुवाद जोडला असेल, तिचं शीर्षकही बदलतं. पण शोधाचा शब्द बदलण्याने जितकी उलथापालथ होते, तितकी याने होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कोणत्या कारणाने काय झालं ते कळत नाही.

प्रदेशाच्या सेटिंगचा आवाका मात्र फारच मोठा. तिथे ‘भारत’ निवडता येतो, ‘पालघर’ नाही. 1 ऑगस्ट 2014 ला आमचा जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला, हे त्या यादीला ठाऊक असण्याचं कारण नाही. जवळचं काय दाखवायचं, हे मग आपण आधी काय पाहिलं यावर बरंच अवलंबून राहतं. शेजाऱ्याने आयुष्यभर गावाकडचंच पाहिलं, तर त्याला गावाकडचंच दिसणार. पाहण्याचा इतिहास बंद ठेवला, तर मुख्य पान जवळजवळ रिकामं होतं.

उपशीर्षकांचं निराळंच. मालकाने स्वतः दिलेली नसतील, तर यंत्र आधी बोलणं ऐकून ते त्याच भाषेत लिहितं. आपण मराठी अनुवाद मागितला, तर तो त्या लिहिलेल्याचा होतो, बोलण्याचा नव्हे. म्हणून अनुवाद विचित्र वाटला की मूळ भाषेतली उपशीर्षकं लावून पाहावीत. चूक बहुधा तिथेच असते. डहाणू-तलासरीकडच्या वारलीतल्या चित्रफितींना तर ही सोयही नाही. ॲपच्या भाषांच्या यादीत वारली नाही, आणि बोलणं मराठी समजून लिहिलं गेलं की वाक्य वाचायला नीट दिसतं, फक्त बोलणाऱ्याचं नसतं.

शेजाऱ्याला मी ‘तारापूर एमआयडीसी’ लिहून दिलं. तेवढ्याने त्याला धुराची बातमी सापडली.