काट्यावर हाच डेटाबेस का? एका पानाची, तारखेची नोंद

प्रश्न कुठे अडतो

बुटीबोरी एमआयडीसीतला एखादा कारखाना धरा. गेटवर वजनकाटा आणि केबिनमध्ये एक संगणक. मालाची गाडी भरलेली असताना एकदा काट्यावर चढते आणि रिकामी झाल्यावर पुन्हा एकदा. दोन वजनांची वजाबाकी झाली की पावती छापली जाते. हे सॉफ्टवेअर तीन-चार जणांची टीम सांभाळते. टीममध्ये नवा आलेला मुलगा विचारतो, "सगळा कारखाना पोस्टग्रेसवर चालतो, मग काट्यालाच एसक्यूलाइट का?" ज्याने ते निवडलं, तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. काय केलंय ते कोड वाचून कळतं, का केलं ते कळत नाही. मग टीम एकतर त्याला हात लावायला घाबरते, नाहीतर कारण न कळताच बदलून टाकते.

साचा

नेमक्या या अडचणीवर मायकेल नायगार्ड यांनी नोव्हेंबर 2011 मध्ये छोट्या नोंदीचा साचा मांडला. त्याला आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे एडीआर म्हणतात. एका निर्णयाला एक फाइल, लांबी एक-दोन पानं, आणि फाइल ठेवायची कोडच्याच रेपॉझिटरीत, बहुधा `doc/adr` या फोल्डरमध्ये. काट्याची नोंद अशी असेल:

```
# 4. वजनकाट्यासाठी SQLite
तारीख: 12 जून 2023
स्थिती: स्वीकारलं
## परिस्थिती
गेटपासून सर्व्हरपर्यंतची लाइन अधूनमधून बंद पडते.
तेवढ्यात गाड्यांची रांग रस्त्यावर येते. काटा एकच आहे.
## निर्णय
वजनं केबिनच्या संगणकावर SQLite मध्ये साठवू.
PostgreSQL नाकारलं: लाइन गेली की पावती थांबते.
## परिणाम
लाइन नसतानाही पावती निघेल.
ऑफिसला वजनं उशिरा दिसतील. बॅकअप वेगळा घ्यावा लागेल.
दुसरा काटा बसला तर हा निर्णय पुन्हा तपासावा.
```

खरी मेहनत 'परिस्थिती'त

बहुतेक नोंदी याच परिच्छेदात फसतात. 'एसक्यूलाइट हलकं, वेगवान आणि लोकप्रिय आहे' असं लिहिलं तर ती साधनाची जाहिरात झाली. हेच वाक्य इतर कुठल्याही प्रकल्पात जसंच्या तसं चालत असेल, तर ते खोडावं. बंद पडणारी लाइन, रस्त्यावरची रांग, एकच काटा या गोष्टी याच गेटच्या आहेत, आणि निर्णय त्यांच्यावरच उभा आहे.

'परिणाम'मध्ये नुसते फायदेच दिसले, तर मला शंका येते की निर्णय आधी झाला आणि कारणं मागाहून जुळवली. उशिरा दिसणारी वजनं आणि बॅकअपचा वाढीव व्याप ही या निवडीची किंमत आहे. ती लिहून ठेवली, की पुढचा माणूस तिला चूक समजून दुरुस्त करायला धावत नाही.

दुसरा काटा बसतो तेव्हा

दोन वर्षांनी मागच्या गेटवर दुसरा काटा बसतो. सोपं पडतं म्हणून कोणीतरी डेटाबेसची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि दोन्ही संगणकांवरून तीच उघडतो. लवकरच गर्दीच्या वेळी पडद्यावर `database is locked` दिसू लागतं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं. त्यातच नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइलचं कुलूप नीट पाळलं जाईलच याचा भरवसा नसतो, आणि मग फाइल खराब होण्याचाही धोका असतो.

आता जुनी नोंद उघडा. 'काटा एकच आहे' हे कारण संपलं, पण लाइन मात्र अजूनही जातेच. म्हणजे निर्णयाचा अर्धाच भाग जुना झाला आहे. नोंद नसती तर टीमने सगळंच पोस्टग्रेसवर हलवलं असतं, आणि पुढच्या वेळी लाइन गेली की दोन्ही गेटवर गाड्या थांबल्या असत्या. म्हणून नवी नोंद, क्रमांक 11: प्रत्येक काट्याची स्वतःची एसक्यूलाइट फाइल त्याच्याच संगणकावर राहील, आणि लाइन असेल तेव्हा वजनं मधल्या पोस्टग्रेसमध्ये जातील. दोन काट्यांवर एकच पावती क्रमांक येऊ नये म्हणून क्रमांकाआधी काट्याचं अक्षर लागेल.

क्रमांक 4 ची फाइल पुसायची नाही आणि तिचा मजकूरही सुधारायचा नाही. फक्त 'स्थिती'ची ओळ बदलते: 'क्रमांक 11 ने बदललं'. 2023 मध्ये टीमला काय माहीत होतं, ते तसंच राहिलं पाहिजे.

केव्हा लिहायची

कोडचा बदल ज्या पुल रिक्वेस्टमध्ये जातो, तिच्यातच नोंदही जावी. तपासणारा मग दोन्ही एकत्र वाचतो, आणि कारण पटलं नाही तर तिथेच विचारतो. महिन्याभराने लिहायला बसलं, तर नाकारलेले पर्याय आठवत नाहीत.

प्रत्येक गोष्टीची नोंद मात्र नको. पावतीचा फॉन्ट बदलला तर तो उद्या परत बदलता येतो. पावती क्रमांकाची पद्धत बदलली तर नोंद हवीच, कारण जुने क्रमांक तोवर पुरवठादारांच्या बिलांवर आणि हिशेबाच्या वह्यांत जाऊन बसलेले असतात.